जिन्याखाली टॉयलेट बसवायचंय? आधी बाहेरचं चेंबर उघडा, मग जिन्याखाली टेप लावा

मी घरदुरुस्तीची कामं करतो आणि त्यातलं सगळ्यात जास्त विचारलं जाणारं काम म्हणजे हे. घरात आजी-आजोबा किंवा आई-वडील असतात, गुडघे दुखायला लागलेले असतात, टॉयलेट वरच्या मजल्यावर किंवा मागच्या अंगणात असतं, आणि जिन्याखालची जागा जुन्या पेट्या नि सायकलीने भरलेली असते. मग कुणीतरी म्हणतं इथे एक कमोड बसवून टाकू. बसतोही, पण दोन गोष्टी आधी मोजल्या नाहीत तर नंतर आयुष्यभर त्रास होतो. पहिली म्हणजे डोक्यावरची उंची आणि दुसरी पाईपचा ढाळ. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही, कारण ढाळ मिळत नाही म्हणून फरशी जितकी वर उचलाल तितकी उंची डोक्यावरून कमी होते आणि उंची हवी म्हणून फरशी खाली घ्याल तर ढाळ संपतो.

माझ्या मावशीच्या साताऱ्याच्या रो हाऊसमध्ये हे काम केलं त्याचीच मापं घेऊन सांगतो. तुमच्या घरची मापं वेगळी असतील पण हिशोब हाच लागेल.

आधी घराबाहेर जा

बहुतेक लोक टेप घेऊन थेट जिन्याखाली वाकतात. मी सांगतो आधी मागच्या बाजूला जाऊन ड्रेनेजचं चेंबर उघडा, कारण टॉयलेटच्या फरशीची लेव्हल शेवटी त्या चेंबरचा तळ ठरवतो, आपण ठरवत नाही.

काम असं करायचं. पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका (बुडबुडा राहिला की लेव्हल खोटी येते, नळी दोन-तीनदा टिचक्या मारून बघा). घरातल्या फरशीपासून बरोबर ३ फुटांवर जिन्याजवळच्या भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि हीच खूण नळीच्या पाण्याने बाहेरच्या भिंतीवर, अगदी चेंबरपर्यंत न्या. आता चेंबरच्या तळातून ज्या नालीतून पाणी वाहतं तिथपासून या खुणेपर्यंत किती उंची आहे ते मोजा आणि त्यातून ३ फूट वजा करा. जे उरलं ते म्हणजे घरातल्या फरशीपासून चेंबरचा तळ किती खाली आहे ते. मावशीकडे जोतं जमिनीपासून १५ इंच वर होतं आणि चेंबर १८ इंच खोल, म्हणजे एकूण ३३ इंच मिळाले.

हे ३३ इंच म्हणजे आपल्या हातातली सगळी पुंजी. यातूनच ढाळ द्यायचा, यातूनच बीमखालून पाईप न्यायचा.

आता खर्च मांडू. चार इंची पाईपला फुटाला पाव इंच ढाळ द्यायचा, हे डोक्यात पक्कं करा. मावशीकडे जिन्यामागच्या बाहेरच्या भिंतीपासून चेंबरपर्यंत पाईप २४ फूट जाणार होता, म्हणजे ६ इंच ढाळात गेले. पाईप चेंबरमध्ये शिरतो तो अगदी तळाला टेकवायचा नाही, दोन इंच वर ठेवायचा, नाहीतर चेंबर जरा तुंबलं की पाणी उलट आपल्याच पाईपमध्ये उभं राहतं. ३३ मधून ६ आणि २ गेले, उरले २५. म्हणजे जिन्यामागच्या भिंतीपाशी पाईपचा तळ घरच्या फरशीपासून २५ इंच खाली येणार.

पण तिथे जोत्याचा बीम आहे. त्याच्यासाठी बाहेरून थोडं उकरून बघितलं, बीमचा तळ फरशीपासून १६ इंच खाली होता. पाईपची जाडी सव्वाचार-साडेचार इंच धरली तर पाईपची वरची कड साधारण साडेवीस इंचावर, म्हणजे बीमच्या खाली चार इंच मोकळे. पाईप बीमखालून आरामात गेला आणि घरातली फरशी एक इंचही वर उचलावी लागली नाही.

समजा तेच चेंबर १८ च्या जागी १२ इंच खोल असतं तर? एकूण २७ इंच, ढाळ आणि प्रवेश मिळून ८ गेले, १९ उरले, पाईपची वरची कड साडेचौदा इंचावर आणि बीमचा तळ १६ वर, म्हणजे पाईप सरळ बीमला धडकतो. इथे प्लंबर म्हणतो "साहेब, बीमला थोडं होल मारतो". नाही मारायचं. जोत्याच्या बीममध्ये चार इंचाचं भोक म्हणजे त्यातली सळई कापली जाण्याची शक्यता जवळजवळ नक्की, आणि त्या बीमवर आख्खी भिंत उभी असते. अशा वेळी दोनच रस्ते राहतात. एकतर पुढची लाईन जिथे खोल जाते तिथे जोडता येईल असं नवीन खोल चेंबर बांधायचं, किंवा पाईप बीमच्या वरून न्यायचा आणि त्यासाठी टॉयलेटची फरशी सहा-सात इंच उचलायची. ते सहा इंच डोक्यावरून जातात, म्हणून म्हटलं चेंबर आधी.

(जुनं दगडी किंवा विटांचं भिंतीवर उभं घर असेल तर तिथे असा बीम बहुतेक नसतोच, पाया फोडून पाईप जातो, पण तरी पायाचे मोठे दगड हलवू नका, अरुंद भोक घ्या आणि नंतर सिमेंट काँक्रिटने नीट भरा.)

ढाळ कमी नको हे सगळ्यांना माहिती, जास्त पण नको

फुटाला पाव इंच का, याला कारण आहे. ढाळ कमी असला तर पाण्याचा वेग पडतो आणि मळ पाईपच्या तळाला बसतो हे उघड आहे. पण खूप तीव्र असेल तर पाणी पटकन पुढे पळून जातं आणि घट्ट मळ मागे एकटा राहतो, मग तो वाळतो, त्यावर पुढचा अडकतो. म्हणून हातात खोली जास्त आहे म्हणून पूर्ण पाईपच तिरका करून टाकायचा नाही. पाईप पाव इंचाच्या हिशोबानेच न्यायचा आणि उरलेली उंची शेवटी चेंबरपाशी सरळ खाली उतरवायची. थोडाफार इकडेतिकडे, म्हणजे पाव इंचाच्या जागी तीन मिलिमीटरने जास्त, त्याने काही बिघडत नाही.

यापेक्षा जास्त वाट लागते ती मधेच पाईप बसल्याने. माझ्याच एका जुन्या कामात असं झालं होतं. चर खणला, पाईप टाकला, लेव्हल बरोबर होती, वरून माती लोटली आणि दोन पावसाळे गेल्यावर कमोड तुंबायला लागला. उघडून बघितलं तर चराच्या तळाला खणताना जास्त खणलं गेलं होतं आणि ते भरून काढायला सैल माती टाकली होती, ती पाण्याने बसली आणि पाईपला मधोमध पोट पडलं. त्या पोटात कायम पाणी उभं. तेव्हापासून मी चर जास्त खणला गेला तर माती कधीच परत टाकत नाही, मुरूम टाकून पाणी मारून चोपतो किंवा पातळ काँक्रिटचा थर देतो आणि त्यावर पाईप पूर्ण लांबीने टेकवतो. नुसत्या विटांच्या तुकड्यांवर पाईप टेकवून ठेवणं हे तर अजिबात नको, दोन विटांच्या मधला भाग नंतर वाकतो.

मावशीकडे भिंतीच्या लगेच बाहेर पाईपवर जमिनीचं आच्छादन फार कमी होतं, पाच-सहा इंच फक्त, कारण जोतं उंच आणि पाईप त्यातून बाहेर पडलेला. तिथे पाईपच्या चहूबाजूंनी काँक्रिट केलं. वरून गाडी जात असेल तर हे करायलाच पाहिजे.

आता जिन्याखाली

आपल्याकडे घरातला जिना बहुतेक वेळा असा असतो की अर्धा वर जातो, मधे चौकोनी लँडिंग येतं, तिथून उलटा वळून वरच्या मजल्यावर जातो. लोकांना वाटतं जागा लँडिंगखाली आहे. खरी जागा लँडिंगखाली थोडी आणि दुसऱ्या टप्प्याखाली जास्त आहे, कारण दुसरा टप्पा लँडिंगपासून वर वर जातो म्हणजे त्याच्या खालची उंची पण वाढत जाते.

मावशीकडे मजल्याची उंची साडेदहा फूट, एकूण १८ पायऱ्या, प्रत्येकी ७ इंच उंच आणि १० इंच रुंद. नऊ पायऱ्यांवर लँडिंग, म्हणजे ते जमिनीपासून ५ फूट ३ इंचावर. त्यातून स्लॅब नि प्लास्टर गेलं की खाली ४ फूट ८ इंच उंची मिळते, म्हणजे माणूस बसू शकतो, उभा राहू शकत नाही.

दुसऱ्या टप्प्याखाली कुठे किती उंची मिळेल हे भिंतीवर रेघ न मारताही काढता येतं. लँडिंगच्या वरच्या बाजूची उंची घ्या, त्यात जितक्या पायऱ्या पुढे गेलात तितके सात-सात इंच मिळवा आणि शेवटी ८ इंच वजा करा. हे ८ इंच कुठून आले? जिन्याचा तिरका स्लॅब सहा इंच जाड असतो पण तिरका असल्यामुळे उभा मोजला की सात-सव्वासात भरतो आणि खालचं प्लास्टर अर्धा इंच, म्हणून ८ धरायचे. या हिशोबाने लँडिंगच्या कडेपासून दोन पायऱ्या पुढे ५ फूट ९ इंच, तीन पायऱ्या पुढे ६ फूट ४ इंच, चार पायऱ्या पुढे ६ फूट ११ इंच उंची येते. तरी प्रत्यक्ष ओळंबा सोडून तपासा, कारण गवंड्याने पायऱ्या सारख्या केलेल्या असतातच असं नाही, आणि लँडिंगच्या कडेला खाली लोंबणारा बीम असेल तर तिथे अजून तीन ते सहा इंच जातात.

प्लंबर आला त्याने लगेच सांगितलं कमोड मागच्या भिंतीला लावू, पाईप लगेच बाहेर. पाईपच्या दृष्टीने ते बरोबर आहे पण डोक्याच्या दृष्टीने चूक, आणि ही चूक मी कितीतरी घरांत बघितली आहे. माणूस कमोडवर बसतो तेव्हा त्याचं डोकं साधारण ४ फूट ४ इंचावर असतं, त्यामुळे बसल्यावर सगळं छान वाटतं. पण उठताना माणूस सरळ वर उठत नाही, आधी पुढे झुकतो आणि मग वर जातो. मागच्या भिंतीला लावलेल्या कमोडवरून उठताना डोकं बरोबर लँडिंगच्या कडेखाली येतं जिथे उंची आहे ४ फूट ८ इंच. म्हणजे रोज कपाळ आपटणार, आणि म्हातारं माणूस असेल तर ते तोल जाऊन पडणार.

म्हणून खरेदीच्या आधी ही एक टेस्ट करा, खर्च शून्य. कमोडच्या सीटएवढं म्हणजे १६ इंच उंचीचं स्टूल घ्या, जिन्याखाली ठेवा, घरातल्या सगळ्यात उंच माणसाला त्यावर बसून आपल्या सवयीने उठायला सांगा आणि दुसऱ्याने डोकं कुठे जातं ते भिंतीवर खडूने मार्क करा. हात लावून ठेवा म्हणजे खरंच आपटणार नाही. मावशीचा मुलगा पाच फूट दहा इंच आहे, तो बसला आणि उठला आणि तिथेच कळलं की स्टूल दोन फूट पुढे घ्यावं लागणार. मावशी बघत होती, म्हणाली, "अरे, मग मागे एवढी जागा वायाच जाणार की." मी म्हटलं, "मावशी, तीच जागा आपल्या पाईपांची खोली."

तेच केलं. मागच्या भिंतीपासून दोन फूट सोडून एक अर्ध्या विटेची भिंत लँडिंगच्या स्लॅबपर्यंत घेतली आणि कमोड तिला लावला. आता कमोडची पुढची कड मागच्या भिंतीपासून सव्वाचार फुटांवर आली, उभं राहणाऱ्याचं डोकं पाच फुटांवर, आणि तिथे उंची ६ फूट. जुनी फरशी काढून टॉयलेटची फरशी बाहेरच्या पॅसेजपेक्षा एक इंच खाली घेतली (ती पाणी बाहेर येऊ नये म्हणून पण घ्यायचीच असते), त्यामुळे तो एक इंच पण मिळाला. बसल्यावर डोकं लँडिंगच्या कडेच्या जरासं पुढे येतं आणि वर पाच-सहा इंच मोकळे राहतात.

मागच्या दोन फुटी पोकळीत कमोडचा पाईप, नळाचे पाईप, व्हॉल्व्ह आणि एक्झॉस्टची नळी हे सगळं गेलं. फ्लश टँकच्या वर दीड फुटाचं पीव्हीसीचं झाकण ठेवलं म्हणजे हात घालून व्हॉल्व्ह बंद करता येतो.

कमोड कुठला घ्यायचा

इथे एक शब्द लक्षात ठेवा, दुकानात विचारतील एस ट्रॅप की पी ट्रॅप. एस ट्रॅपचं तोंड खाली फरशीत जातं, पी ट्रॅपचं मागे भिंतीतून, फरशीपासून साधारण सात इंचावर. जिन्याखाली शक्यतो पी ट्रॅप घ्या. एक तर बेंड फरशीखाली न बसवता मागच्या पोकळीत बसतो आणि कधी गळला तर फरशी फोडावी लागत नाही. दुसरं म्हणजे ज्यांच्याकडे बीम आडवा येतोय आणि पाईप वरून न्यावा लागतोय त्यांच्यासाठी तर हाच एक मार्ग आहे, कमोडचा पाईप फरशीच्या वरूनच भिंतीबाहेर जातो. अर्थात नहाणीच्या जाळीचं पाणी मग अडकतं कारण नहाणी ट्रॅपला फरशीखाली सहा-सात इंच लागतातच, आणि फरशी उचलावी लागते ती मुळात या ट्रॅपसाठी, कमोडसाठी नाही.

नहाणी ट्रॅप घेताना दोन इंच पाणी कायम आत उभं राहतं असा खोल ट्रॅप घ्या. उंची वाचवायची म्हणून उथळ ट्रॅप बसवला की त्यातलं पाणी आठवड्याभरात वाळतं आणि चेंबरचा वास थेट हॉलमध्ये येतो. नहाणीचं पाणी वेगळ्या तीन इंची पाईपने बाहेर गल्ली ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी उभं ठेवून वास अडवणाऱ्या बाहेरच्या ट्रॅपमध्ये, आणि तिथून चेंबरमध्ये न्यायचं.

भिंतीच्या लगेच बाहेर एक छोटं चेंबर बांधाच. कधी तुंबलं तर तिथून दोन्हीकडे बांबूची काठी किंवा स्प्रिंग घालता येते, आत जिन्याखाली वाकून कुणाला काही करावं लागत नाही. आणि मुख्य चेंबर लांब असेल तर या छोट्या चेंबरपाशी एक व्हेंट पाईप गच्चीच्या वर न्या, नाहीतर कमोड फ्लश केला की नहाणीतून गुडगुड आवाज येतो आणि ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं. तो आवाज आला म्हणजे समजायचं की हवा दुसरीकडून मिळत नाहीये.

बाकीचं थोडक्यात

मावशीचं टॉयलेट आतून ३ फूट रुंद आणि पावणेपाच फूट लांब झालं. यात कमोड, कोपऱ्यातलं छोटं बेसिन आणि एक नळ बसतो. आंघोळ पण करायची असेल तर अजून दोन पायऱ्या पुढे जा, म्हणजे उभं राहून हात वर केला तरी स्लॅबला लागणार नाही. दरवाजा उंच बाजूला आणि बाहेर उघडणारा ठेवा. आत उघडणारा दरवाजा गुडघ्याला लागतोच पण आत कुणी पडलं तर त्या माणसामुळे दरवाजा उघडतच नाही, म्हाताऱ्या माणसासाठी करताय तर हे विसरू नका.

हवेसाठी एक्झॉस्ट बाहेरच्या भिंतीतूनच काढा, जिन्याच्या मोकळ्या जागेत नको, तिथून वास सगळ्या घरात वर चढतो. आणि दरवाजाखाली अर्धा इंच फट ठेवा, आत हवा आली तरच फॅन बाहेर ढकलेल. फॉल्स सीलिंग करू नका, तीन इंच उंची फुकट जाते. उंची मिळवायला जिन्याच्या स्लॅबला खालून छिन्नी लावणं हे तर कधीच नाही, त्यात सळया खालच्या बाजूलाच असतात.

नियमाबद्दल पण सांगून ठेवतो. नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे टॉयलेटची उंची सगळ्यात कमी जागीसुद्धा २.१ मीटर म्हणजे जवळजवळ ६ फूट ११ इंच पाहिजे आणि रुंदी ०.९ मीटर. रुंदी आपण पाळू शकतो, पण कमोडच्या वर ती उंची जिन्याखाली येत नाही. म्हणून घरात एक नियमाप्रमाणे टॉयलेट असताना ही जास्तीची सोय आहे असं समजूनच करा, आणि नवीन बांधकाम असेल किंवा नकाशा मंजुरीला जाणार असेल तर आधी आर्किटेक्टला दाखवा. नवीन घर बांधत असाल तर लँडिंग एक-दोन पायऱ्या वर घेता येतं का हे तिथेच विचारा, मग हा सगळा खटाटोप कमी होतो.

पोटमाळ्यावर करायचं म्हणणारे पण भेटतात. तिथे हिशोब तोच पण जास्त कडक, कारण खाली माती नाही, पाईप स्लॅबच्या वरच झोपवावा लागतो. आठ फूट पाईप असेल तर दोन इंच ढाळ, साडेचार इंच पाईप आणि वर दोन इंच कोबा-टाईल, म्हणजे फरशी आठ-नऊ इंच उचललीच समजा. ती पोकळी विटांच्या तुकड्यांनी भरली की वजन पण वाढतं, आणि पोटमाळ्याचा स्लॅब सामान ठेवायला केलेला पातळ असतो, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय तिथे हात घालू नका.

बुजवायच्या आधीच्या टेस्ट

पाईप टाकल्यावर मातीखाली जाण्याआधी एक पूर्ण दिवस उघडा ठेवा. पहिली टेस्ट चेंडूची. कमोडच्या बाजूच्या तोंडातून टेनिसचा चेंडू सोडा आणि वर अर्धी बादली पाणी ओता. चेंडू चेंबरमध्ये न अडखळता यायला पाहिजे. मधे थांबला तर तिथे जॉइंटमध्ये सोल्युशनचा गोळा आहे किंवा पाईप वाकलाय.

दुसरी टेस्ट गळतीची. चेंबरकडचं तोंड प्लगने नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून घट्ट बंद करा, पाईप पाण्याने भरा, पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि अर्ध्या तासाने बघा. पातळी उतरली तर प्रत्येक जॉइंटवर हात फिरवून ओला कुठला ते शोधा.

मग तोंड उघडून सगळं पाणी जाऊ द्या आणि नंतर एकच बादली एकदम ओता. चेंबरपाशी उभं राहिलेल्या माणसाला पाणी जोरात येऊन लगेच थांबताना दिसलं पाहिजे. बादली संपून बराच वेळ झाला तरी बारीक धार चालूच राहिली तर आत कुठेतरी पाईपला पोट आहे, तेव्हाच पाईप उघडून खालची भर नीट करा.

आत टाईल लावायच्या आधी नहाणीचं तोंड बंद करून दोन इंच पाणी २४ तास भरून ठेवा. शेजारी पहिल्या टप्प्याखालच्या भिंतीला ओल आली का ते बघा. टाईलचा ढाळ दारापासून नहाणीकडे, पावणेपाच फुटांत एक इंच पुरतो, आणि नहाणी कमोडच्या बाजूच्या कोपऱ्यात ठेवा, दाराजवळ नको.

मावशीकडे चेंडू पहिल्या वेळी अडकला. बाहेरच्या छोट्या चेंबरच्या अलीकडच्या जॉइंटमध्ये कापलेल्या पाईपचा बुरा घासला नव्हता, त्याची कड आत आली होती. पाईपचा तेवढा तुकडा कापला, कानसने कड घासली, कपलिंग टाकून परत जोडलं, चेंडू परत सोडला, आला. दुसऱ्या दिवशी सकाळी माती लोटली.